फक्त ग्रामर बघा, सर

बऱ्हाणपुरात इंग्रजीने पाऊल ठेवलं तेच मुळी चुकीचं स्पेलिंग घेऊन. इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो १६१५ साली सुरतेहून अजमेरला, जहांगीरच्या दरबाराकडे निघाला होता. वाटेत तो आमच्या गावी थांबला, शाहजादा परवेझला भेटला, आणि रोजनिशीत गावाचं नाव असं लिहून गेला की आज वाचणाऱ्याच्या तोंडून 'ब्रॅमपूर' असं काहीतरी निघतं. पुढे ताव्हेर्निये नावाचा फ्रेंच जवाहिऱ्या आला. हिऱ्याचा पैलू अचूक पारखणाऱ्या त्या माणसानेही गावाच्या नावाच्या बाबतीत रोसाहेबांचाच कित्ता गिरवला. दोघांच्याही कागदावर कुणी लाल रेघ ओढली नाही. उलट आज त्यांची पुस्तकं इतिहासाची साधनं म्हणून संदर्भसूचीत झळकतात. आमच्या पोरांनी मात्र 'रिसीव्ह'मधला ई आणि आय उलटा टाकला की त्यांचा पेपर परत येतो.

मी हायस्कुलात इंग्रजी शिकवून निवृत्त झालो. निवृत्त शिक्षकाकडे गाव कोणत्या नजरेने बघतं हे सांगायला नको. सुरुवातीला इंग्रजी लग्नपत्रिका आल्या, मग पॉवरलूमवाल्यांची पत्रं, मग कॅनडाच्या व्हिसाचे अर्ज. आता गेली काही वर्षं ॲब्स्ट्रॅक्टची लाट आहे. एम.ए., एम.एस्सी. करणाऱ्या प्रत्येकाने परिसंवादात पेपर वाचायचा असतो. पेपर वाचायचा म्हणजे आधी अडीचशे शब्दांचा गोषवारा इंग्रजीत पाठवायचा, आणि पाठवायच्या आदल्या संध्याकाळी तो माझ्याकडे आणायचा. ॲब्स्ट्रॅक्टची अंतिम तारीख ही खरी अंतिम नसते, ती एकदा तरी वाढतेच, हे आयोजकांना माहीत असतं, मुलांना माहीत असतं, फक्त मला दरवेळी घाई केली जाते. आणि आल्यावर पहिलं वाक्य ठरलेलं: "सर, बाकी सगळं ओके आहे, फक्त ग्रामर बघा."

या 'फक्त'वर माझा मोठा राग आहे.

मध्यंतरी आली ती शाहपूरकडची पोर. केमिस्ट्रीत एम.एस्सी. करते. तिकडची मंडळी रिकाम्या हाताने येत नाहीत, त्यामुळे ॲब्स्ट्रॅक्टबरोबर केळ्यांची एक फणीही आली. फणीत एकही चूक नव्हती. ॲब्स्ट्रॅक्टचा विषय होता आमचा कुंडी भंडारा. हल्ली निम्मी पोरं याच विषयावर लिहितात. २०२४ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत त्याचं नाव गेल्यापासून तर विचारूच नका. रोसाहेब गावावरून गेले त्याच १६१५ साली रहीम खानखानानच्या कारकिर्दीत हे काम झालं असं सांगतात. सातपुड्यातून झिरपत तापीकडे जाणारं पाणी जमिनीखालीच बोगद्यात अडवायचं, बोगद्यावर ठरावीक अंतराने विहिरीसारख्या कुंड्या खणायच्या, आणि पाण्याला नुसत्या उतारावर चालत गावात आणायचं. ना मोट, ना पंप. इराणातल्या कनातींच्या धर्तीवरचं हे काम.

पण कागदाच्या माथ्यावर या सगळ्याचं नाव होतं: 'ए केमिकल स्टडी ऑफ ब्लडी स्टोअर.'

कुंडी भंडाऱ्याला लोक खूनी भंडाराही म्हणतात. कुणी म्हणतं पाण्याला लालसर झाक असायची म्हणून, कुणी म्हणतं कुंडीचाच अपभ्रंश होऊन खूनी झालं. पोरीने प्रामाणिकपणे दोन्ही शब्दांचं इंग्रजी केलं होतं. आता हे शीर्षक घेऊन ती इंदूरच्या व्यासपीठावर उभी राहिली असती, तर एखाद्या संतापलेल्या गिऱ्हाइकाने किराणा दुकानाबद्दल काढलेला उद्गार म्हणून ते ऐकलं गेलं असतं. मी म्हटलं, "बेटा, विशेषनामाचं भाषांतर करत नाहीत. तुझं शाहपूर आपण किंग्ज टाउन लिहितो का?" तिला ते पटलं. तिने 'कुंडी भंडारा' असं रोमन लिपीत करून आणते म्हटलं आणि कॉम्प्युटर सेंटरवर गेली.

तासाभराने आली तेव्हा शीर्षकात कँडी भंडारा होता. आतही जागोजाग कँडी. संगणकाने कुंडी या शब्दाखाली लाल नागमोडी रेघ मारली, टायपिंगवाल्याने तिच्यावर उजवं बटण दाबलं, यादीत जे पहिलं आलं ते पसंत केलं आणि काम एकदाच व्हावं म्हणून 'चेंज ऑल' केलं. मी फोन केला तर शांतपणे म्हणाला, "सर, हम टाइप करते हैं, समझते नहीं." इतकं निर्दोष वाक्य त्या दिवशी मला दुसरं ऐकायला मिळालं नाही. मग त्याच्याकडून 'ॲड टु डिक्शनरी' करवून घेतलं. आता बऱ्हाणपुरातल्या त्या एका संगणकाला तरी कुंडी म्हणजे काय ते कळतं. तापी, असीरगड, शाहपूर हेही शब्द एकदमच घालायला लावले, कारण पुढची पोरं तिथेच येणार.

लाल रेघेचा खरा त्रास ती असते तिथे नाही, ती नसते तिथे आहे. चुकीचा शब्दसुद्धा कोशात असला की संगणक गप्प बसतो. फ्रॉमच्या जागी फॉर्म पडलं तर तो बोलत नाही, कारण फॉर्म हाही शब्दच आहे; बऱ्हाणपुरात तर फार महत्त्वाचा. पोरीच्या कागदात पाण्याचं काठिण्य मोजल्याचं वर्णन होतं. पद्धत साधी आहे. पाण्याच्या नमुन्यात दर्शक घातला की तो दारूसारखा लाल होतो, वरून ब्युरेटमधून ईडीटीएचं द्रावण थेंबाथेंबाने सोडायचं, आणि लालाचा निळा झाला की थांबायचं. ब्युरेट म्हणजे ती खुणा केलेली, खाली तोटी असलेली उभी काचनळी. कागदावर मात्र लिहिलं होतं की प्रत्येक नमुन्याचं टायट्रेशन एका ब्रुनेटच्या साहाय्याने केलं. ब्रुनेट म्हणजे काळ्यातपकिरी केसांची स्त्री. संगणकाला ती ओळखीची निघाली, त्याने रेघ मारली नाही. मी हे समजावून सांगितलं तर पोर ओढणी तोंडाशी धरून हसत सुटली आणि म्हणाली, "सर, तशी ती मीच होते." मुद्दा बिनतोड होता, तरीही शब्द बदलावा लागला.

त्याच कागदात एके ठिकाणी सार्वजनिक पाणीपुरवठ्यातल्या 'पब्लिक'मधला एल गळाला होता. एल गळाल्यावर उरतो तो शब्दही संगणकाच्या दृष्टीने शुद्ध आहे. कोणता, ते मी तिला सांगितलं नाही, इथेही सांगणार नाही. गुपचूप एल घातला आणि पान उलटलं. इंग्रजीच्या शिक्षकाला काही दुरुस्त्या मान खाली घालून कराव्या लागतात.

मग एक अद्भुत शब्द भेटला: 'डिफिकल्ट वॉटर'. पहिल्यांदा वाटलं, पाणी आणायला त्रास पडला असं म्हणायचं असेल. विचारलं तर म्हणाली, "हार्ड वॉटर होतं सर, पण ते इंटरनेटवरून घेतलं होतं ना, प्लॅगरिझममध्ये येऊ नये म्हणून मैत्रिणीने शब्द बदलून दिले." म्हणजे चोरी पकडली जाऊ नये म्हणून चोरलेल्या गाईला रंग दिला, आणि रंग असा दिला की ती गाय राहिलीच नाही. हा रोग काही एकट्या शाहपूरचा नाही. गियोम कबानाक या फ्रान्समधल्या संगणकशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २०२१ साली छापील शोधनिबंधांतून असे पिळलेले शब्द वेचून काढले, तेव्हा 'ब्रेस्ट कॅन्सर'चं 'बोझम पेरिल' झालेलंही त्यांना सापडलं. अशा कागदात ग्रामरची चूक एक नसते. व्याकरण ठणठणीत, अर्थ मात्र गेलेला. मी म्हटलं, "पारिभाषिक शब्द ही कुणाच्या बापाची मालमत्ता नाही. हार्ड वॉटरला हार्ड वॉटरच म्हणायचं. वाक्य मात्र तुझं पाहिजे."

इथवर सगळं स्पेलिंगच्या खात्यात मोडत होतं. खरी लढाई पुढे होती, आणि ती 'द'पाशी झाली.

मराठीत द नाही, हिंदीत नाही, निमाडीत नाही, आणि ज्या अर्थी तापीकाठी शेकडो वर्षं व्यवहार सुरळीत चालले त्या अर्थी त्याच्यावाचून कुणाचं अडत नसावं. त्यामुळे आमची पोरं द वापरतात ती भाजीत मीठ चिमटीने टाकावं तशी, अंदाजाने. पोरीच्या वाक्यात होतं, 'द वॉटर ऑफ द कुंडीज ऑफ बऱ्हाणपूर वॉज ॲनालाइज्ड.' व्याकरण चोख. शाळेत असतं तर मी पूर्ण गुण दिले असते. पण सहज विचारलं, "कुंड्या किती आहेत?"

"कुणी १०१ म्हणतं सर, कुणी १०३, आणि आमचे बाबा १०८ म्हणतात."

"आणि पाणी तू कितींचं घेतलंस?"

"आठ."

"मग या द कुंडीजचा अर्थ काय होतो माहितीये? झाडून सगळ्या. अनेकवचनाच्या अंगावर द चढला की मागे एकही उरत नाही. तू आठ कुंड्यांत बादली सोडलीस आणि दोन अक्षरांच्या भरात शंभर कुंड्यांच्या पाण्याची ग्वाही देऊन बसलीस."

मी सवयीने दोन अक्षरं म्हणालो. तिने लगेच सांगितलं, "इंग्रजीत तीन होतात सर." मग म्हणाली, "म्हणजे द काढून टाकू?" नुसता काढूनही भागत नाही. 'वॉटर ऑफ कुंडीज' म्हटलं तर जगातल्या यच्चयावत कुंड्यांबद्दल बोलल्यासारखं होतं, त्यात माझ्या गच्चीवरची तुळशीची कुंडीसुद्धा आली. शेवटी ठरलं: 'वॉटर सॅम्पल्स फ्रॉम एट कुंडीज.' आठ हा आकडा आला आणि द आपोआप गळाला. पण पोरीचा चेहरा पडला. "सर, आठ लिहिलं तर काम कमी वाटतं." मला तिची दया आली, पण काम कमी वाटत नव्हतं, तेवढंच झालं होतं. आठ कुंड्यांवर भर उन्हात दोर आणि बादल्या घेऊन फिरणं हे काही कमी नाही. एवढी मेहनत करून तिने ती एका द-खाली पुरून ठेवली होती.

पुढचं वाक्य असं: 'आफ्टर डिसेंडिंग एटी फीट बाय लिफ्ट, द वॉटर वॉज कलेक्टेड.' कुंडी भंडाऱ्यात माणसांना खाली नेणारी एक लिफ्ट बसवली आहे, ते खरं. पण या वाक्यात लिफ्टमध्ये पाणी बसलं होतं. इंग्रजीत असं पुढे लटकवलेलं वाक्यखंड लगेच मागून येणाऱ्या कर्त्याला जाऊन चिकटतं, आणि इथे कर्त्याच्या खुर्चीत पाणी होतं. चारशेहून जास्त वर्षं जे पाणी आपल्या उताराने मुकाट वाहत आलं, ते लिफ्टची वाट बघत उभं आहे असं चित्र डोळ्यांपुढे आलं.

"लिफ्टने कोण उतरलं?"

"मी."

"मग तू कुठेयस या वाक्यात?"

"गाइड मॅडम म्हणतात, रिसर्चमध्ये आय लिहायचं नाही."

हा नियम कुणी केला ते ठाऊक नाही. मोठमोठ्या नियतकालिकांत लोक बिनदिक्कत 'वुई' लिहितात. पण आमच्याकडे संशोधकाने स्वतःच्या संशोधनात असणं हा उद्धटपणा मानतात. त्यामुळे आमच्या ॲब्स्ट्रॅक्टांतून माणसंच नाहीशी होतात. निरीक्षण केलं जातं, निर्णय घेतला जातो, नमुने गोळा होतात, प्रश्नावल्या भरल्या जातात. सगळीकडे कामं चाललेली, आणि माणूस औषधाला नाही. असलं गाव फक्त भुताचं असतं. मॅडमचा मान आणि व्याकरण दोन्ही राखून मी लिफ्टच काढून टाकली. ऐंशी फूट खोलीवरून नमुने घेतले, एवढं पुरे. तिथवर ती लिफ्टने गेली की दोराने, हे कोणी विचारत नाही. तिने मात्र विचारलं, "सर, लिफ्ट राहू दिली असती तर? मी खूप घाबरले होते त्यात." मी म्हटलं, ते परिसंवादात चहाच्या वेळी सांग.

आता काळ. हा विषय आमच्याकडे आठवीपासून बारा कोष्टकं पाठ करून घेतात, आणि ॲब्स्ट्रॅक्टमध्ये लागतात जेमतेम दोन. जे कायमचं आहे ते वर्तमानात, जे आपण केलं आणि आपल्याला दिसलं ते भूतकाळात. पोरीने लिहिलं होतं, 'कुंडी भंडारा इज सप्लाइंग वॉटर टु द होल सिटी सिन्स १६१५.' सिन्स आला की 'हॅज बीन सप्लाइंग' हवं, हे मी झोपेतही सांगीन. पेन उचललं, 'इज' खोडलं, 'हॅज बीन' लिहिलं. वाक्य असं लखलखीत झालं की फळ्यावर लिहून ठेवावं. मग माझ्या लक्षात आलं, ते आता शुद्ध इंग्रजीत खोटं बोलत होतं.

कारण 'हॅज बीन' म्हणजे तेव्हापासून आजपर्यंत, खंड न पडता. आणि 'होल सिटी' म्हणजे माझं घरही त्यात आलं. माझ्या घरात नळाला पाणी कधी येतं आणि कुठून येतं, यावर आमच्या गल्लीत तज्ज्ञांची कमतरता नाही, पण रहीम खानखानानचं नाव त्यात कोणी घेत नाही. चुकीच्या काळातलं वाक्य वाचणाऱ्याला निदान शंका तरी येते. दुरुस्त केलेलं वाक्य थेट पटतं. मी 'हॅज बीन'ही खोडलं. 'वॉज बिल्ट इन १६१५ टु सप्लाय वॉटर टु द सिटी' एवढ्यावर भागवलं: बांधलं त्या साली, बांधलं कशासाठी ते सांगितलं, पुढे काय झालं त्याची जबाबदारी आमच्यावर नाही.

निष्कर्षाचं वाक्य तर आणखी मजेचं. 'द वॉटर इज प्युअर.' गावाचा अभिमान त्यात ओतप्रोत. आमच्याकडे पाहुणा आला की त्याला मावा जिलबी खायला घालतात आणि भंडाऱ्याचं पाणी बाटलीबंद पाण्यापेक्षा शुद्ध आहे असं सांगतात. दोन्ही नाकारायची सोय नसते. पण 'इज' म्हणजे आज, उद्या, पावसाळ्यात आणि दुष्काळात. पोरीने नमुने घेतले होते एका उन्हाळ्यात. आणि प्युअर म्हणजे काय? भारतीय मानकात, त्या आयएस १०५०० मध्ये, प्युअर असा रकानाच नाही. तिथे काठिण्याची स्वीकार्य मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आणि दुसरी सोय नसेल तर ६०० असं लिहिलंय. बोगद्याच्या भिंतींवर जो पांढरा थर चढलेला दिसतो तो कॅल्शियमचा. म्हणजे पाणी जाता जाता भिंतीवर आपली सही करून जातं की मी हार्ड आहे. "तुझं ब्युरेट काय म्हणालं?" मी विचारलं. तिने वही काढली. वहीत आकडे होते, आठही कुंड्यांचे, सुवाच्य. कागदावर त्यातला एकही नव्हता. कागदावर होतं, 'सिग्निफिकंट रिझल्ट्स वेअर ऑब्टेन्ड.'

अडीचशे शब्दांतले पहिले साठ तिने 'वॉटर इज लाइफ'पासून सुरू करून पृथ्वीच्या उत्पत्तीवर खर्च केले होते, त्यामुळे आकड्यांना जागा उरली नव्हती. साठच्या साठ कापले. पृथ्वीला फरक पडला नाही. मोकळ्या जागेत तिला आकडे बसवायला लावले आणि 'प्युअर'च्या जागी 'हार्ड' लिहिलं. तेव्हा तिने एक वाक्य असं केलं ज्यात पीएच, हार्डनेस आणि टीडीएस अशी तीन नावं होती, पुढे दोन आकडे होते, आणि शेवटी 'रिस्पेक्टिव्हली'. या रिस्पेक्टिव्हलीचा आमच्याकडे आदराशी काहीतरी संबंध आहे असं समजून तो पत्राखालच्या 'आपला आज्ञाधारक'सारखा शेवटी लावतात. त्याचं काम साधं आहे: पहिल्या नावाला पहिला आकडा, दुसऱ्याला दुसरा, तिसऱ्याला तिसरा. पंगतीत तीन माणसं बसवून दोनच पानं वाढली तर वाढणाऱ्याने 'अनुक्रमे' म्हणून उपयोग काय? उपाशी कोण राहिलं ते वहीत शोधलं. टीडीएस.

शेवटची चकमक एका जोडअक्षराइतक्या जागेत झाली. वाक्य असं: 'देअर इज अ कॅज्युअल रिलेशनशिप बिटवीन डेप्थ अँड हार्डनेस.' खोली आणि काठिण्य यांच्यात म्हणे कॅज्युअल, म्हणजे सहज जाता जाता जुळलेलं, नातं आहे. तिला म्हणायचं होतं 'कॉझल', कार्यकारणाचं. एस आणि यू यांनी जागा बदलल्या होत्या, आणि कॅज्युअल हाही कोशातला शब्द, त्यामुळे संगणक पुन्हा गप्प. मी यू उचलून एसच्या अलीकडे ठेवणार, तोच वहीतले आकडे डोळ्यांसमोर आले. खोल कुंडीत काठिण्य जास्त, असं साधारण दिसत होतं. पण आठच कुंड्या, त्यातल्या खोल कुंड्या एका बाजूला आणि उथळ दुसऱ्या बाजूला. खोलीमुळे फरक पडला, की त्या बाजूच्या खडकामुळे, की पाण्याने जास्त वाट चालल्यामुळे, हे तिला ठाऊक नव्हतं आणि आठ बादल्यांतून कळण्यासारखंही नव्हतं. म्हणजे तिची चूकच माझ्या दुरुस्तीपेक्षा सत्याच्या जवळ होती. नातं खरोखर कॅज्युअलच होतं.

"मग चुकीचंच ठेवू?" तिने विचारलं.

"नाही. खोल कुंड्यांच्या नमुन्यांत काठिण्य जास्त आढळलं, एवढंच लिही. नात्याचं नावच घेऊ नकोस."

आतून आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, "अहो, पोरगी ग्रामर बघायला आली होती ना? जेवायची वेळ झाली तिची."

कागद स्वच्छ होऊन गाइड मॅडमकडे गेला. त्यांनी दोन दुरुस्त्या केल्या. 'एट कुंडीज'च्या आधी द घातला, कारण त्यांना मोकळं मोकळं वाटलं. आणि 'हार्ड' खोडून परत 'प्युअर' केलं, कारण आपल्या गावच्या पाण्याला बाहेरगावी जाऊन हार्ड म्हणणं बरं दिसत नाही. द राहू द्यायला माझी हरकत नव्हती. त्या आठ आता ओळखीच्याच झाल्या होत्या. प्युअरचं काय करायचं ते पोरीने मला विचारलं नाही. तिने प्रयोगशाळेत मॅडमसमोर भंडाऱ्याची बाटली उघडली, फ्लास्कमध्ये पाणी ओतलं, दर्शक टाकला. पाणी लाल झालं. ब्युरेटची तोटी सोडली, आणि निळा येईपर्यंत मॅडमना मिलिलिटर मोजायला लावले. मॅडमनी प्युअर खोडलं. तसंच घरच्या आरओची सर्व्हिसिंग कधी झाली होती ते आठवत त्या बराच वेळ बसल्या, असंही ती म्हणाली.

काल संध्याकाळी ती फोन घेऊन धावत आली. आयोजकांची मेल आली होती. मी चष्मा लावून वाचली. तिच्या नावाच्या स्पेलिंगमध्ये एक अक्षर कमी होतं. पुढे लिहिलं होतं की तुमचं ॲब्स्ट्रॅक्ट समितीने 'एक्सेप्टेड' केलं आहे, आणि त्याचं स्पेलिंग ए-सी-सीने नव्हे, ई-एक्स-सीने सुरू होत होतं. म्हणजे स्वीकारलं नव्हे, वगळलं. खाली नोंदणी शुल्काची रक्कम होती आणि ती भरायची अंतिम तारीख.

"सर," तिनेच बोट ठेवलं, "यांनी मला घेतलंय की काढलंय?"

मी खालची ओळ पुन्हा वाचली. "फी मागितलीय ना?"

"हो."

"मग घेतलंय."

"त्यांना करेक्शन कळवू का?"

"आधी फी भर. आणि तारीख वाढेल, घाई करू नकोस."